मित्राच्या लग्नात फ्रेंच टोस्ट: कोणती वाक्यं निवडाल?

मित्राचं लग्न फ्रान्समध्ये आहे, हातात ग्लास आहे आणि फ्रेंच नुकतंच शिकायला घेतलंय. अशा वेळी टोस्टसाठी, म्हणजे ग्लास उंचावून द्यायच्या छोट्या शुभेच्छांसाठी, दोन सुरुवाती सुचतात.

पहिली: ‘ज स्वी त्रेझ् अर॑ पूर व्हू’, म्हणजे ‘तुमच्यासाठी मला खूप आनंद झालाय’. वाक्य मनापासूनचं आहे, पण ‘अर॑’मध्ये घशातला ‘र’ दोन गोल ओठांच्या स्वरांत अडकतो. शिवाय बोलणारी बाई असेल तर शेवट बदलून ‘अरझ’ करावा लागतो. घाईत हेच हमखास चुकतं.

दुसरी: ‘ज व्हू सुएत बोकू द बॉनर’, म्हणजे ‘तुम्हाला खूप सुख लाभो’. हे स्त्री-पुरुष कोणीही जसंच्या तसं म्हणू शकतं. ‘सुएत’ पटकन जमतं. ‘बॉनर’चा ‘र’ थोडा मराठी झाला तरी अर्थ पोचतो. मी हीच निवडेन.

दोन्हींत ‘व्हू’ आहे. मित्राला एरवी ‘त्यू’ म्हणत असाल तरी इथे ‘व्हू’च, कारण बोलणं दोघांना उद्देशून आहे, आपल्या ‘तुम्ही’सारखंच.

पूर्ण टोस्ट असा: ‘शेर्झ् अमी, ज व्हू सुएत बोकू द बॉनर. लव्हों नो व्हेर. व्हीव्ह ले मारिये!’ म्हणजे ‘प्रिय मित्रांनो, तुम्हाला खूप सुख लाभो. ग्लास उंचावूया. नवदांपत्याचा जयजयकार!’

शेवटचे तीन शब्द जोरात म्हणा, पाहुणेही तेच ओरडतील. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा; तिथे ती रीत आवर्जून पाळतात.