हब तापवून बसवायचा की प्रेसने दाबून?

शाफ्ट ५० मिमी, हबचा बाहेरचा व्यास १००, लांबी ६०, दोन्ही पोलादी, आणि व्यासातला इंटरफेरन्स, म्हणजे शाफ्ट हबच्या भोकापेक्षा जितका जाड तो फरक, ०.०५ मिमी. कागदावर दोन्ही पद्धतींत सांध्यावरचा दाब सारखाच येतो, सुमारे ७५ मेगापास्कल. घर्षणांक ०.१५ धरला तर हा सांधा अडीच हजार न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क पेलतो.

प्रत्यक्षात फरक पडतो. थंड हब दाबताना पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे खरवडले जातात, त्यामुळे इंटरफेरन्स घटतो आणि दाबही. तापवलेला हब शाफ्टवर न घासता सरकतो आणि थंड होताना आवळतो, म्हणून माझा कल तिकडे आहे.

मेहनत म्हणाल तर प्रेसला शेवटी साधारण ११ टन जोर लागतो. तापवताना ०.०५ची मोकळीक धरून हब जवळपास २०० अंशांवर न्यावा लागतो. तो मध्येच अडकला तर मात्र लगेच आवळतो, म्हणून स्टॉपर आधीच लावा.

जास्त टॉर्क, कायमचा सांधा असेल तर तापवा. हब कठीण केलेला असेल आणि त्या तापमानाला मऊ पडणार असेल, किंवा टॉर्क कमी असेल, तर प्रेस.