डिलीट झालेल्या चॅटमधले फोटो आणि व्हॉइस नोट: फोल्डरमध्ये शोधायचे की कॅशेमध्ये?

दिंडोरीचे माझे मामा द्राक्षं लावतात. २०२४च्या मार्चमध्ये त्यांनी एका व्यापाऱ्याला माल दिला. भाव ठरला व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर आणि वजनपावत्यांचे फोटो व्यापाऱ्यानं तिथंच पाठवले. जूनमध्ये फोन भरला म्हणून मामांनी आधी गॅलरीतले फोटो पुसले, मग ते चॅटच काढून टाकलं. हिशेबाला बसायची वेळ आली तेव्हा नाशिकला माझ्याकडे फोन घेऊन आले. "एवढं मिळवून दे, बाकी मी बघतो," म्हणाले. त्यांचा फोन अँड्रॉइडचा आहे, त्यामुळं पुढचं सगळं अँड्रॉइडपुरतंच.

शोधायला दोन जागा आहेत. एक, व्हॉट्सॲपचं मीडिया फोल्डर, ज्यात मूळ फाइल असते. दुसरी, गॅलरीची कॅशे, ज्यात फोटोची छोटी प्रतिमा असते. आवाज हवा असेल तर प्रश्नच नाही, फोल्डर उघडा. गॅलरीच्या कॅशेत व्हॉइस नोटचं काहीच राहत नाही.

चॅट काढताना व्हॉट्सॲप विचारतं की मीडियाही पुसायचा का. त्या चौकटीवर टिक नसेल तर संदेश जातात, पण फाइल जागेवर राहतात. मामांनी टिक केली नव्हती, म्हणून वाचलो. नव्या फोनमध्ये जागा ही:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/
```

त्यात `WhatsApp Voice Notes` आहे आणि आत वर्ष-आठवड्याच्या आकड्यांची फोल्डरं. ५ मार्च २०२४ हा दहावा आठवडा, म्हणून `202410` उघडलं. फाइलींची नावं `PTT-20240305-WA0004.opus` अशी. तारीख नावातच असते, पण कोणी पाठवली ते नसतं. त्या आठवड्यात मामींच्या, बहिणीच्या आणि भजनी मंडळाच्या नोटाही होत्या, तेव्हा एकेक ऐकण्याला पर्याय नव्हता. अर्ध्या तासानं व्यापाऱ्याचा आवाज सापडला, चार नोटा, भाव स्वच्छ सांगितलेला. या नोटा फोनच्या म्युझिक ॲपमध्ये दिसत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की गेल्या. फाइल मॅनेजरमधून जा आणि ऐकण्याआधी अख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. फाइलींची नावं बदलू नका, कारण नेमक्या तारखेचा भरवशाचा धागा तोच असतो.

फोटोंचं मात्र तसं झालं नाही. `WhatsApp Images` मध्ये तीनपैकी एकच पावती होती, तीही आतल्या `Private` मध्ये. गॅलरीत मीडिया दिसू नये अशी सेटिंग असलेल्या चॅटचे फोटो तिथं पडतात. गॅलरी तिथवर पोचत नाही, म्हणून मामांच्या हातून ती पावती पुसली गेली नाही. उरलेल्या दोन त्यांनी सेटिंग बदलण्याआधी आलेल्या होत्या आणि गॅलरीतून पुसल्या होत्या. गॅलरीचा ट्रॅश साधारण तीस दिवसांनी रिकामा होतो, तो रिकामाच होता. तुमचे तीस दिवस उलटले नसतील तर कॅशेच्याही आधी ट्रॅश बघा, तिथं पूर्ण फोटो मिळतो.

म्हणून शेवटी कॅशेकडे वळलो. अँड्रॉइड ११ पासून फाइल मॅनेजरला `Android/data` मध्ये शिरता येत नाही, म्हणून फोन केबलनं कॉम्प्युटरला लावला आणि गॅलरी ॲपचं कॅशे फोल्डर कॉपी केलं. `Pictures/.thumbnails` सुद्धा बघितलं, पण मूळ फोटो गेला की तिथली प्रतिमाही बहुधा जाते. गॅलरीच्या फोल्डरमध्ये शेकडो फाइली होत्या, नावं लांबलचक आणि शेवटी `.0`. त्यांना `.jpg` लावलं की फोटो उघडतात. तारीख नाही, नाव नाही, डोळ्यांनी चाळायचं. दीड तासानं एक पावती दिसली. कागद पिवळा, वर निळा छापील मथळा, खाली शिक्का. वजनाचे आकडे मात्र मोठे करून बघितले की चौकोनी ठिपकेच दिसत होते. छोट्या प्रतिमेत आकडे साठवलेलेच नसतात, त्यामुळं ते कोणत्याही ॲपनं परत येणार नाहीत. तिसरी पावती कुठंच नव्हती.

यावरून माझं मत असं. मूळ फाइल हवी असेल तर फोल्डरला अर्धा तास द्या. कॅशेला वेळ तेव्हाच द्या, जेव्हा फोटो कसला होता एवढंच ओळखायचं असेल. "डिलीट झालेलं सगळं परत आणू" म्हणणारी ॲप्स बऱ्याचदा ह्याच छोट्या प्रतिमा मोठ्या दिमाखात दाखवतात. फोनची मेमरी एन्क्रिप्टेड असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच साफ करतो, त्यामुळं खरंच पुसलेली मूळ फाइल ती आणू शकत नाहीत. शोध पूर्ण होईपर्यंत फोन साफ करणारं ॲप चालवू नका आणि व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका.

त्या पिवळ्या पावतीचा निळा मथळा बघून मामा म्हणाले, "अरे, हा तर गावाबाहेरच्या वजनकाट्याचा." काट्यावर पावतीपुस्तकात दुसरी प्रत राहते. उद्या सकाळी ती मागायला ते निघतील, तारीख सांगायला त्या चार नोटांची नावं कागदावर लिहून घेतली आहेत.