‘प्रदूषणावर निबंध पाहिजे’: आधी इयत्ता विचारायची, शब्दसंख्या की शीर्षक?

‘मॅडम, प्रदूषणावर निबंध पाहिजे, उद्या द्यायचाय.’ रात्री साडेनऊला आलेल्या निरोपात एवढंच असतं. मूल कितवीत आहे, किती शब्द हवेत, कोणत्या बाजूने लिहायचं, यातलं काहीच नसतं. मी इचलकरंजीत घरी मराठीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे असे निरोप वर्षातून बऱ्याचदा येतात. अशा वेळी लगेच लिहायला बसावं की आधी विचारावं? आणि विचारायचं तर काय?

न विचारता लिहिलं की काय होतं ते मी अनुभवलंय. हवा, पाणी, ध्वनी, जमीन असे चार परिच्छेद आणि शेवटी ‘झाडे लावा’ असा निबंध तयार होतो. चौथीच्या मुलाला त्यातले शब्द वाचता येत नाहीत आणि दहावीच्या मुलीला त्याचे गुण मिळत नाहीत, कारण प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला तीनच वाक्यं आलेली असतात. उलट टोकाला जाऊन सात-आठ प्रश्नांची यादी पाठवली, तर दमलेली आई ‘काहीही चालेल’ असं उत्तर देते आणि आपण होतो तिथेच राहतो. माझ्या अनुभवात दोन प्रश्नांना नीट उत्तर येतं, तिसऱ्यापासून टाळाटाळ सुरू होते. म्हणून ते दोन कोणते, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

इयत्ता विचारण्याचा फायदा किती मोठा आहे ते एकाच विषयावर पाहू. आमची पंचगंगा घ्या. कोल्हापूर, इचलकरंजीकडून येणारं सांडपाणी पोटात घेऊन ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. चौथीच्या मुलासाठी मी असं लिहीन:

‘आमच्या गावाजवळून पंचगंगा नदी वाहते. उन्हाळ्यात तिच्या पाण्याला वास येतो. पाण्यावर हिरवी जलपर्णी पसरते. मग नदीचं पाणी दिसतच नाही.’

नववीसाठी तीच नदी अशी येईल:

‘सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी झपाट्याने वाढते. तिचा थर दाट झाला की पाण्यात उजेड पोचत नाही. ती कुजू लागली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपत जातो आणि मासे मरून वर येतात.’

पहिल्यात मूल दिसलेलं सांगतं, दुसऱ्यात ते का घडलं हे सांगतं. सोपे शब्द घातले म्हणून नववीचा निबंध चौथीचा होत नाही, कारण मधली कारणांची साखळीच काढावी लागते. इयत्ता चुकली तर निबंध पहिल्यापासून लिहावा लागतो.

शब्दसंख्येचं तसं नाही. इयत्ता कळली की तिचा अंदाज येतो: चौथीला दहा ओळी, आठवी-नववीला वहीचं एक पान. शाळेच्या वहीत एका ओळीत सात-आठ शब्द बसतात, म्हणजे पान भरायला साधारण दीडशे शब्द लागतात. एक परिच्छेद कमी-जास्त केला की झालं. एक अडचण मात्र लक्षात ठेवायची. इंग्रजी माध्यमाची मुलं कधीकधी इंग्रजी निबंधाची शब्दमर्यादाच मराठीसाठी सांगतात. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘नदीच्या पाण्यामुळे’ हे दोन शब्द इंग्रजीत पाच होतात. त्यामुळे इंग्रजीतल्या दीडशे शब्दांचा मजकूर मराठीत बराच आखूड भरतो आणि मुलाला वाटतं काहीतरी राहिलं. स्पर्धा असेल तर मर्यादा विचारायलाच हवी, एरवी तिच्यासाठी प्रश्न खर्च करू नये.

मग दुसरा प्रश्न कशासाठी ठेवायचा? माझं मत शीर्षकाच्या बाजूने आहे. ‘बाईंनी फळ्यावर नेमकं काय लिहिलं? वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा,’ एवढंच म्हणायचं. पालक ‘प्रदूषणावर निबंध’ म्हणतात तेव्हा वहीत ‘प्रदूषण: एक समस्या’ असतं, ‘प्रदूषण नसते तर’ असतं किंवा ‘मी नदी बोलतेय’ असतं. पहिला वैचारिक निबंध, दुसरा कल्पनाप्रधान, तिसरा आत्मकथन. दहावीत वैचारिक लेखन आणि आत्मकथन हे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यामुळे नदीच्या तोंडी लिहायचं असताना उपाययोजनांचा लेख दिला तर आशय चांगला असूनही तो विषय सोडून लिहिलेला ठरतो. कधीकधी तर त्या फोटोत ‘भाषण’ हा शब्द सापडतो. मग सुरुवात, संबोधन, वाक्यांची लांबी, सगळंच बदलतं.

फोटो मिळण्यासारखा नसेल तर तारीख थोडी मदत करते. नोव्हेंबरच्या शेवटी निरोप आला तर मी 2 डिसेंबरचा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन आठवते. 1984 च्या भोपाळ वायुगळतीतल्या मृतांच्या स्मरणार्थ तो पाळतात, म्हणजे शाळेला कारखान्यांच्या प्रदूषणाबद्दल हवं असण्याची शक्यता जास्त. दिवाळीच्या तोंडावर आला तर फटाके, म्हणजे हवा आणि आवाज. हा अंदाजच आहे, शीर्षकाची जागा तो घेऊ शकत नाही.

बाजू कोणती घ्यायची, हे पालकांना विचारूच नये असं मला वाटतं. ते मुलाला विचारावं, आणि तेही ‘तुझं मत काय’ असं नाही. त्यावर पाठ केलेलं वाक्य येतं. मी विचारते, ‘तू स्वतः काय पाहिलंस?’ इचलकरंजीत कित्येक घरं कापड रंगवणाऱ्या प्रोसेस कारखान्यांवर जगतात. ज्या मुलाचे वडील तिथे कामाला आहेत, त्याच्या हातात ‘कारखाने बंद करा’ असा निबंध देणं मला पटत नाही. त्याचं वाक्य ‘रंगाचं पाणी प्रक्रिया करूनच सोडलं पाहिजे’ असं असू शकतं, आणि ते त्याला वर्गात उभं राहून वाचता येतं.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीला हाच प्रश्न विचारला. तिच्या आईने ‘दीडशे शब्द, कसाही’ असं कळवलं होतं. वहीच्या फोटोत शीर्षक होतं ‘आमची नदी आणि प्रदूषण’. मुलगी फोनवर जरा थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, पुलावरून सगळं हिरवंगार दिसायचं, वर जांभळी फुलं. मला वाटायचं नदी छान झालीय.’ निबंधाची सुरुवात आम्ही तिथूनच केली. दुसऱ्या परिच्छेदात ते हिरवं कशामुळे वाढतं ते आलं, तिसऱ्यात घरचं सांडपाणी कुठे जातं ते तिने आजोबांना विचारून लिहिलं. ध्वनी आणि हवा आम्ही सोडून दिली. एकशे साठ शब्द झाले, मी एकही कापला नाही.

आणि काहीच उत्तर आलं नाही, सकाळी सातला शाळा आहे, तर? अशा वेळी मी सातवी-आठवीची पातळी धरते, प्रकार वैचारिक, प्रदूषण एकच, बहुतेक पाण्याचं, आणि चार छोटे परिच्छेद लिहिते. पहिला दिसलेल्या गोष्टीचा, दुसरा कारणाचा, तिसरा परिणामाचा, चौथा उपायाचा. लहान मूल असेल तर दुसरा गाळून बाकीची वाक्यं छोटी करता येतात. मोठं असेल तर दुसऱ्यातच भर घालता येते. पाठवताना वर लिहून टाकते: ‘सातवी धरून लिहिलंय, शीर्षक वेगळं असेल तर लगेच कळवा.’ प्रश्नाला न आलेलं उत्तर या ओळीला बहुतेक वेळा पाच मिनिटांत येतं.