किलोचे लिटर करताना भागायचं कशानं? ०.५१, ०.५५ की ०.४३

घरच्या गॅस सिलिंडरवर १४.२ किलो लिहिलेलं असतं, गाडीत भरायचा ऑटो एलपीजी लिटरने मिळतो, आणि फायबरच्या कंपोझिट सिलिंडरच्या अर्धपारदर्शक अंगातून तर द्रवाची पातळीच दिसते. तिन्हींत गॅस एकाच जातीचा आहे, पण मोजमापं वेगळी. म्हणून किलोचे लिटर करण्याची गरज पडते. सूत्र साधं आहे: लिटर = किलो ÷ घनता. अडचण आहे ती घनतेच्या आकड्याची. शोधायला गेलं की कुठे ०.५१ मिळतो, कुठे ०.५५, आणि कुणी हिशेबी माणूस सिलिंडरवरच्या दोन आकड्यांचा भागाकार करून ०.४३ काढतो. यातला कोणता कधी वापरायचा, ते पाहू.

०.४३ आधी निकालात काढू, कारण हा आकडा फसवा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरची पाण्याची धारणक्षमता ३३.३ लिटर असते. १४.२ ला ३३.३ ने भागलं की ०.४२६ येतं आणि हीच घनता असावी असं वाटतं. पण ती घनता नाही. ३३.३ लिटर म्हणजे सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरला तर मावणारं पाणी. गॅस भरताना मात्र वरती मोकळी जागा मुद्दाम सोडतात. ती का सोडतात, ते पुढे येईल. ०.४२६ हा भरण्याच्या मर्यादेचा आकडा आहे आणि तो घनता म्हणून वापरला तर १४.२ किलोचे नेमके ३३.३ लिटर निघतील. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरलाय असा निष्कर्ष, जो कधीच खरा नसतो.

आता ०.५१ विरुद्ध ०.५५. दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गॅसचे. एलपीजी हा एकच पदार्थ नाही. त्यात मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. १५ अंश सेल्सिअसला द्रव प्रोपेनची घनता लिटरला सुमारे ०.५०८ किलो, तर ब्युटेनची सुमारे ०.५८५. ऑस्ट्रेलियात घरगुती एलपीजी बहुतांश प्रोपेनच असतो, म्हणून तिथे ४५ किलोचा सिलिंडर ८८ लिटरचा धरतात: ४५ ला ०.५१ ने भागा, तेवढेच येतात. मेलबर्नच्या मराठी माणसाने तिथल्या बाटल्यांसाठी हा आकडा बिनधास्त वापरावा. भारतातला घरगुती गॅस मात्र दोन्हींचं मिश्रण असतो आणि ब्युटेनचा वाटा मोठा असतो. प्रमाण रिफायनरीप्रमाणे बदलतं. वजनाने ४० टक्के प्रोपेन आणि ६० टक्के ब्युटेन धरलं तर १५ अंशाला घनता ०.५५ येते. तेव्हा आपल्या सिलिंडरचे लिटर सुमारे २५.८. ऑस्ट्रेलियाचा ०.५१ इथे लावला तर २७.८ येतील. दोन लिटरचा, म्हणजे आठ टक्क्यांचा फरक, आणि तोही गॅस एक थेंब न वाढता.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण द्रव एलपीजी तापमानाला फार हळवा आहे. १५ अंशांवरून ४० अंशांवर नेलं तर पाणी एक टक्कासुद्धा फुगत नाही. एलपीजी जवळपास सात टक्के फुगतो. त्याच १४.२ किलोचा, त्याच ४०:६० मिश्रणाचा हिशेब असा:

| तापमान | घनता (किलो/लिटर) | १४.२ किलोचे लिटर | सिलिंडरचा किती भाग |
|---|---|---|---|
| १५ अंश | ०.५५ | २५.८ | ७७ टक्के |
| ३० अंश | ०.५३ | २६.८ | ८० टक्के |
| ४० अंश | ०.५१६ | २७.५ | ८३ टक्के |
| ५० अंश | ०.५० | २८.४ | ८५ टक्के |

शेवटचा स्तंभ पाहा. वरची मोकळी जागा का सोडतात, त्याचं उत्तर तिथेच आहे. द्रव काठोकाठ भरला असता तर उन्हात फुगायला जागाच उरली नसती, आणि द्रव दाबाने आकसत नाही. गाडीच्या एलपीजी टाकीतही म्हणूनच ८० टक्क्यांवर भरणं आपोआप थांबतं.

म्हणजे घनतेचा कुठलाही एक आकडा घेतला तरी तो एका मिश्रणाचा आणि एका तापमानाचाच असतो. बॉटलिंग प्लांटमध्ये सिलिंडर काट्यावर ठेवून वजनाने भरतात ते याच कारणाने. डिसेंबरातले १४.२ किलो मे महिन्यातही १४.२ किलोच असतात.

आता ठरवायचं कसं, ते कामावरून.

काम पहिलं: घरपोच आलेला सिलिंडर पूर्ण भरलेला आहे का. इथे लिटर काढूच नका. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलोच्या घरात. त्यात १४.२ मिळवा आणि काट्यावर तेवढंच भरतंय का पाहा. गॅस आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा आणि वजन करून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. मान्य फरक १५० ग्रॅम इकडेतिकडे. १५० ग्रॅमचे लिटर होतात जेमतेम पाव, आणि १५ अंशांवरून ३० वर गेलं की आकडा एक लिटरने हलतो. पातळी पाहून अर्ध्या किलोची चोरी पकडू, असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. अर्धा किलो म्हणजे एक लिटरसुद्धा नाही.

काम दुसरं: पंपावर लिटरचा आणि किलोचा भाव शेजारी शेजारी दिसतो तेव्हा. सीएनजी किलोने विकतात, ऑटो एलपीजी लिटरने. समजा, एका गावात सीएनजी ७८ रुपये किलो आणि ऑटो एलपीजी ५७ रुपये लिटर आहे. (हे दर उदाहरणासाठी धरलेत, आजचे नाहीत.) नुसतं पाहिलं तर एलपीजी स्वस्त. ०.५५ ने भागलं की तोच एलपीजी किलोला सुमारे १०४ रुपये पडतो. एका किलोत मिळणारी उष्णता सीएनजीची किंचित जास्तच असते, त्यामुळे या दरांत सीएनजीचं पारडं सरळ जड आहे. ०.५१ घेतला असता तर ११२ रुपये आले असते, निर्णय तोच. पण दोन भाव जवळजवळ असले की हा आठ रुपयांचा फरक निकाल फिरवू शकतो. तेव्हा पंपावर भरताना एलपीजीसाठी ०.५३ ते ०.५५ मध्ये कुठेही धरा; सीएनजीचा भाव किलोतच असतो, त्याला भागायची गरज नाही. घरगुती सिलिंडर गाडीला लावण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा: बेकायदा तर आहेच, शिवाय पाइप आणि रेग्युलेटर त्यासाठी बनवलेले नाहीत.

काम तिसरं, आणि लिटर खरोखर उपयोगी पडतात ते इथे: अजून किती गॅस शिल्लक आहे. लोखंडी सिलिंडरवर ओल्या फडक्याने उभा पट्टा पुसा. द्रव असलेल्या भागावरचा ओलावा उशिरा सुकतो आणि सुकलेल्या-न सुकलेल्या भागांच्या सीमेवर पातळी कळते. शेगडी चालू असताना हे जास्त स्पष्ट दिसतं, कारण वाफ होताना द्रव थंड पडतो. कंपोझिट सिलिंडरला फडक्याचीही गरज नाही, पलीकडून उजेड धरला की रेघ दिसते.

आता समजा ती रेघ बरोबर मध्यावर आहे आणि स्वयंपाकघरात ३० अंश तापमान आहे. बहुतेक जण म्हणतील निम्मा गॅस उरला. तो निम्मा नाही. सिलिंडरची निम्मी जागा १६.६५ लिटर. तिला ०.५३ ने गुणलं की ८.८ किलो द्रव. वरच्या मोकळ्या निम्म्यात दाबाखालची वाफ असते, तिचे सुमारे दोनशे ग्रॅम. एकूण नऊ किलो, म्हणजे १४.२ मधले जवळपास ६३ टक्के. पातळी मुळात ८० टक्क्यांपासून सुरू झालेली असते म्हणून हा फरक. वरच्या-खालच्या गोलाकार टोकांमुळे मध्य सोडून इतरत्र उंची आणि आकारमान तंतोतंत जुळत नाहीत, पण मध्याला ही अडचण येत नाही.

रेघ खाली गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. शेगडीला जाते ती वाफ, आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो तर ब्युटेन शून्याच्या जरा खाली. म्हणून वाफेत प्रोपेन जास्त जातो आणि खाली उरलेल्या द्रवात ब्युटेनचं प्रमाण चढत जातं. तो जड असतो. त्यामुळे सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेल्यावर ०.५३ ऐवजी ०.५५ वापरलं तर उत्तर जास्त जवळ येतं. थंडीच्या सकाळी संपत आलेल्या सिलिंडरची ज्योत मंदावते ती याच कारणाने; हलवून पाहिलं तर आत द्रव डुचमळताना जाणवतो.

पातळी आणि काटा यांत निवडायचं झालं तर माझं मत काट्याकडे. शंभर-दोनशे ग्रॅमची चूक करणारा साधा वजनकाटाही पातळीपेक्षा भरवशाचा. काट्यावर २२.६ किलो आलं आणि पट्टीवर रिकाम्याचं वजन १५.८ असलं, तर ६.८ किलो शिल्लक. मिश्रण कोणतं, तापमान किती, टोकं गोल की चपटी, काहीच विचारावं लागत नाही. आठवड्याला गॅस किती जळतो हे एकदा पाहून ठेवलं की दुसरा सिलिंडर कधी नोंदवायचा तेही याच वजनावरून ठरतं. मात्र सिलिंडर ओढत काट्यावर चढवणं ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ओलं फडकं आणि ०.५३ ठीक आहे. उत्तर अर्धा-एक किलो इकडेतिकडे होईल, एवढं गृहीत धरून नवा सिलिंडर दोन-चार दिवस आधीच नोंदवायचा.