दुकान बंद होणार नाही, हे कसं सांगायचं? उत्तराचे तीन मसुदे शेजारी ठेवून

लग्नसराईत कापडाच्या दुकानाबद्दल उठलेली अफवा किराणा दुकानाच्या अफवेपेक्षा महाग पडते, कारण बस्त्यासाठी लोकांनी आधीच पैसे दिलेले असतात. दुकान बंद झालं तर किराणा शेजारच्या गल्लीत मिळेल. पण पाच-दहा हजार ॲडव्हान्स देऊन साड्या बाजूला काढून ठेवलेल्या माणसाला रात्री झोप लागणार नाही. म्हणून मी तुलनेसाठी असंच एक दुकान घेतो. बेळगावातल्या शहापूरच्या बाजारात तळमजला आणि वर एक मजला, असं ते आहे असं समजा. वरच्या मजल्यावर वायरिंगचं काम काढलंय, त्यासाठी एका संध्याकाळी शटर अर्धं खाली होतं, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर हा मजकूर फिरायला लागला:

> शहापूरचं कापड दुकान महिनाअखेरीस बंद होतंय. बस्त्याचा ॲडव्हान्स दिलेल्यांनी लगेच जाऊन पैसे परत घ्या. पुढे पाठवा.

उत्तर द्यायचं, हे ठरलेलं आहे. कुठलं द्यायचं, हा प्रश्न आहे. अशा वेळी बहुतेक दुकानांत पहिल्यांदा जे लिहिलं जातं ते असं असतं:

> सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की आमचे दुकान बंद होणार अशी खोटी बातमी काही जळकुट्या लोकांनी पसरवली आहे. दुकान बंद होणार नाही म्हणजे नाही! तीन पिढ्या आम्ही इमानदारीने धंदा केला. समोर येऊन स्पर्धा करायची धमक नाही म्हणून हे असले उद्योग. कोण करतंय ते आम्हाला चांगलं माहीत आहे. पोलिसात तक्रार दिली आहे, कुणालाही सोडणार नाही. ज्यांचा विश्वास नाही त्यांनी पैसे घेऊन जावे. हा मेसेज जास्तीत जास्त शेअर करा.

यातला संताप मला समजतो. वर्षानुवर्षं उभ्या केलेल्या नावाला कुणी एका ओळीत धक्का दिला तर हात थरथरतोच. पण हा मजकूर वाचणारी काकू येळ्ळूरला बसली आहे, मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आहे, आणि तिच्या मनात तीनच प्रश्न आहेत. दुकान उघडं आहे का? शटर खाली का होतं? माझ्या साड्या वेळेवर मिळतील का? एवढ्या ओळींत तिला यातलं काहीच कळत नाही. उलट ‘पैसे घेऊन जावे’ हे वाक्य तिला नेमकं तेच करायला सांगतं जे अफवेनं सांगितलं होतं. आतापर्यंत फक्त शंका होती. आता खुद्द मालकाच्या नावानं निरोप आला.

दुसरं नुकसान पहिल्याच ओळीत आहे. मजकुराच्या पहिल्याच वाक्यात ‘आमचे दुकान बंद होणार’ हे शब्द येतात आणि पुढच्या वाक्यात ‘दुकान बंद होणार’ पुन्हा येतं. एखादं विधान वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रात १९७७ पासून प्रयोगांनी दाखवलेलं आहे. त्यात व्हॉट्सॲपवर मजकूर लांबला की खालचा भाग दडतो आणि तो उघडायला बोट लावावं लागतं. घाईत पाहणाऱ्याच्या डोळ्यांत राहतात ते वरचे शब्द, आणि ते अफवेचेच आहेत.

तिसरं, ‘कोण करतंय ते माहीत आहे’. नाव लिहिलं नाही तरी त्या गल्लीत कापडाची दुकानं मोजकी आहेत, रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळतं. ज्याच्यावर बोट जातं तो निर्दोष निघाला तर अब्रुनुकसानीची तक्रार त्याच्या हातात येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ती तरतूद आहे. आणि पोलिसात तक्रार अजून दिलीच नसेल, फक्त द्यायचा विचार असेल, तर खोट्या बातमीला उत्तर देताना आपणच एक खोटं वाक्य लिहून बसतो.

हे सगळं कुणी समजावून सांगितलं की माणूस बरोबर दुसऱ्या टोकाला जातो आणि असं लिहितो:

> अफवांवर विश्वास ठेवू नये. दुकान पूर्ववत सुरू आहे. — मालक

शांत आहे, थोडक्यात आहे, कुणाला दुखावत नाही. पुष्कळांना हाच मसुदा पसंत पडतो. मला तो पहिल्यापेक्षा नक्कीच बरा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. कारण काकूच्या भाच्यानं शटर अर्धं खाली असलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि मालक म्हणतोय ‘पूर्ववत’. पाहिलेलं आणि वाचलेलं जुळलं नाही की माणूस पाहिलेल्यावर विश्वास ठेवतो, ते साहजिक आहे. नुसता नकार दिला की ‘मग ते काय होतं?’ ही जागा रिकामी राहते, आणि ती भरायला लोक तयारच असतात.

आपल्या भागात ती काय काय गोष्टींनी भरते, हे सांगायला हवं. बेळगावात शटर खाली दिसलं की त्याचा अर्थ लावायची सवय आपल्याला लागलेली आहे. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, कुठला तरी बंद, सीमाप्रश्नावरून तापलेलं वातावरण. त्यात कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनं पाटीवर ६० टक्के कन्नड असण्याची अट आली, त्यामुळे ‘पाटीवरून कारवाई झाली म्हणे’ हे कारण आता तोंडावरच असतं. वायरिंगसारखं साधं कारण मालकानं सांगितलं नाही तर दोन दिवसांत कापडाच्या दुकानाची गोष्ट भाषेच्या भांडणात जाते, आणि तिथून ती परत आणणं कुठल्याच दुकानदाराच्या हातात नसतं. अशा अंदाजांना वेगळं उत्तर देऊ नये. खरं कारण ठिकाणावर असलं की ते आपोआप मागे पडतात.

आता तिसरा मसुदा:

> दुकान रोज सकाळी १० ते रात्री ८.३० उघडं आहे. वायरिंगच्या कामासाठी फक्त वरचा मजला सोमवार ३ ते गुरुवार ६ फेब्रुवारी बंद राहील. त्या चार दिवसांत बस्ता तळमजल्यावर दाखवू. दुकान बंद होत असल्याचा मेसेज खरा नाही. ॲडव्हान्सच्या सर्व पावत्यांचा माल ठरलेल्या तारखेलाच मिळेल. काही विचारायचं असेल तर पावतीवरच्या नंबरवर फोन करा. — (दुकानाचं नाव), २ फेब्रुवारी

दुसऱ्यापेक्षा हा लांब आहे, तरी मी हाच निवडेन. पहिल्या ओळीत उघडं असल्याचं वेळेसकट आलंय, म्हणजे कुणालाही येऊन पडताळता येईल. शटरचं कारण दुसऱ्या ओळीत आहे, आणि अफवेचा उल्लेख मधे फक्त एकदा, एका छोट्या वाक्यात. त्या वाक्याच्या आधी किंवा नंतरच्या वाक्यावर कुणी थांबलं तरी हातात दुकानाचीच माहिती राहते.

‘आमचं दुकान कधीही बंद होणार नाही’ असं यात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते भविष्याबद्दलचं वचन आहे आणि आज कुणीच ते तपासू शकत नाही. वेळ, तारखा आणि पावती मात्र तपासता येतात. तीन पिढ्यांचा उल्लेखही गेला. तो अभिमान खरा आहे, पण जुनी दुकानंही बंद पडतात हे ग्राहकाला ठाऊक असतं, त्यामुळे काकूच्या शंकेवर त्याचा उपयोग नाही. ‘आज’, ‘उद्या’, ‘चार दिवस’ एवढंच लिहून चालणार नाही. मेसेज आठवडाभरानं खानापूरच्या कुठल्या तरी ग्रुपवर पोचतो आणि तिथला वाचणारा त्या ‘उद्या’चा भलताच अर्थ घेतो. म्हणून खाली तारीख हवीच.

एक मर्यादा इथे येते. अफवेत थोडं तथ्य असेल, म्हणजे निपाणीची शाखा खरोखरच बंद होत असेल, तर तिसऱ्या मसुद्यात तेही एका वाक्यात लिहावं लागेल: ‘निपाणीची शाखा ३१ मार्चला बंद होईल, शहापूरचं दुकान सुरू राहील.’ ते लपवून बाकी सगळं खरं लिहिलं, तरी लपवलेलं बाहेर आल्यावर सगळंच खोटं ठरतं.

कन्नडमध्येही हाच मजकूर हवा. बैलहोंगल, गोकाककडून येणारं गिऱ्हाईक तेवढंच मोलाचं आहे. पण दोन्ही भाषा एकाच मेसेजमध्ये कोंबल्या की खालची भाषा दडते, म्हणून दोन वेगळे मेसेज करावेत. कन्नड मसुदा दुकानातल्या कन्नड बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावा आणि तारखा व वेळा दोन्हींत अंकन् अंक जुळतात का, एवढं पाहावं.

मजकूर ठरला तरी तो कुठे टाकायचा याचा विचार बरेच जण करत नाहीत. स्टेटस चोवीस तासांत जातं. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो; पावती घेऊन गेलेल्या कितीतरी जणांनी तो केलेला नसतो. म्हणून ॲडव्हान्स दिलेल्यांना पावतीबुक समोर घेऊन फोनच करावा, तो सगळ्यांत आधी. मग ज्या ग्रुपवर अफवा आहे तिथे एकदा मजकूर टाकावा आणि हाच कागद शटरच्या बाजूला चिकटवावा, कारण शटर पाहून शंका आलेले लोक तिथूनच जातात. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ ही ओळ मात्र नको. ज्यांनी अफवा ऐकलीच नव्हती त्यांच्यापर्यंत ती आपणच पोचवू.

ग्रुपवर कुणी म्हणेलच, ‘पण माझ्या भावानं शटर खाली पाहिलं की.’ त्याला खोडून काढायची गरज नाही. ‘बरोबर आहे, शनिवारी संध्याकाळी वायरमन आले होते म्हणून अर्धं खाली होतं’ एवढं म्हणावं आणि थांबावं. मजकूर जमला की नाही ते नंतर येणाऱ्या फोनवरून कळतं. ‘अण्णा, उघडं आहे काय?’ असंच लोक विचारत राहिले तर पहिली ओळ नीट लिहिली गेली नाही. ‘सोमवारी आलो तर शालू खाली दाखवणार ना?’ असं विचारू लागले तर मजकूर नीट पोचला.

तरीही दोन-चार जण पैसे मागायला येतील. ॲडव्हान्स परत देऊ, असं मेसेजमध्ये लिहू नये, त्यानं बाकीचेही धास्तावतात. पण गल्ल्यात तेवढी रक्कम तयार ठेवावी, आणि जो मागेल त्याला पावतीवर ‘रक्कम परत’ लिहून, सही घेऊन, वाद न घालता द्यावी. त्याच्या साड्या मात्र लगेच विक्रीला काढू नयेत. शुक्रवारपर्यंत तशाच बाजूला ठेवाव्यात. वरचा मजला सुरू झालेला पाहून त्यातला एखादा त्याच साड्या मागायला परत येतो.