भाव जुळवून द्यावा की पैसे परत द्यावेत?

राजारामपुरीतल्या छोट्या दुकानाचं उदाहरण घेऊ. मिक्सरची खरेदी २,७०० रुपये, विक्री ३,००० रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे गिऱ्हाइकाला ३,५४० ला पडतो आणि दुकानात ३०० राहतात.

गिऱ्हाईक मोबाईलवर ३,३०४ चा भाव दाखवतं. तेवढ्यालाच बिल केलं, तर मूळ किंमत २,८०० होते, करही त्याच हिशोबानं घटतो. नफा १०० उरतो, म्हणजे २०० सोडले. फक्त मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा आणि माल तिथं खरंच शिल्लक आहे का, ते बघा.

पैसे परत देणं महागात जातं. खोका फुटलेला, भांड्याला हळदीचा डाग; बिघाड नसेल तर कंपनी सहसा परत घेत नाही. तो २,५०० अधिक कर लावून विकला, तर खरेदीतलेच २०० गेले, वर ३०० चा नफाही हुकला. शिवाय क्रेडिट नोट न करता नुसती रोकड परत दिली, तर पहिल्या बिलाचा ५४० रुपये कर आपल्याच डोक्यावर राहतो.

माझं मत स्पष्ट आहे: बिलाआधी भाव खुशाल जुळवा, पैसे परत मात्र सीलबंद खोक्यावरच. सदोष माल निघाला तर ही अट लावू नका. तिथं गिऱ्हाइकाचा हक्कच आहे.