डब्याचं दूध बदलताना: एकदम की हळूहळू, वेगळं की एकत्र?

बाळ अंगावर पितं आहे, शिवाय दिवसातून दोन-तीनदा डब्याचं दूध घेतं आहे. अशात दोन बदल अनेकदा एकाच वेळी येतात. आईला कामावर परतायचं असतं, म्हणून बाटल्या वाढवायच्या असतात. त्याच सुमारास कुणीतरी सुचवतं, 'हा डबा त्याला मानवत नाही, दुसरा देऊन बघा.' माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही एकाच आठवड्यात करू नका. शी घट्ट झाली किंवा बाळ दूध ओकू लागलं, तर दोष नव्या पावडरीचा की अंगावरचं दूध कमी झाल्याचा, हे ओळखायला मार्गच राहत नाही. आधी एक बदल करा, बाळ आठवडाभर नीट राहिलं की दुसरा.

डबा बदलायची गरज आहे का?

गाईच्या दुधापासून बनवलेल्या साध्या फॉर्म्युल्यांत पोषणाचे मुख्य घटक मानकांनी ठरवून दिलेल्या मर्यादेतच असतात. फरक असतो तो तेलांचा आणि व्हे व केसीन या दोन प्रथिनांच्या प्रमाणाचा. पाम तेल असलेल्या पावडरीने काही बाळांची शी घट्ट होते, कारण त्यातलं एक स्निग्धाम्ल आतड्यात कॅल्शियमला धरून बसतं. तेव्हा तक्रार कडक शीची असेल आणि पावडर-पाण्याचं माप बरोबर असेल, तर डबा बदलून पाहण्यात अर्थ आहे. तक्रार संध्याकाळच्या रडण्याची असेल, तर मी थांबेन. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या काळात जो डबा हाताशी असतो, त्याला यश मिळून जातं.

टप्प्याचा प्रश्न त्याहून सोपा आहे. सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या टप्प्याची पावडर द्यायची नाही. सहा महिन्यांनंतरही ती द्यायलाच हवी असं नाही. पहिल्या टप्प्याचं दूध वर्षाचं होईपर्यंत चालतं, फक्त वरच्या खाण्यातून लोह मिळायला हवं. दुसऱ्या टप्प्यात लोह जास्त असतं आणि बऱ्याचदा केसीनही, त्यामुळे शी घट्ट किंवा गडद हिरवी होऊ शकते. वरचं खाणं नुकतंच सुरू केलं असेल, तर टप्पा बदलायची घाई कशाला?

एकदम की हळूहळू?

एका साध्या फॉर्म्युल्यावरून दुसऱ्यावर निरोगी बाळ एका दिवसात गेलं, तरी धोका नसतो. डबा संपला आणि तोच मिळत नसेल, तर बिनघोर दुसरा सुरू करा. वेळ हाताशी असेल तर मात्र मी हळूहळूचाच मार्ग घेईन. पोट बिघडेल या भीतीपेक्षा नव्या चवीला तोंड फिरवणारी बाळं जास्त दिसतात.

समजा बाळ चार महिन्यांचं, वजन ६ किलो. किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली या हिशेबाने त्याला एकूण ९०० मिलीच्या आसपास दूध लागतं. त्यात १२० मिलीच्या तीन बाटल्या डब्याच्या आहेत, बाकी अंगावर. पहिले दोन दिवस फक्त दुपारची बाटली नव्या पावडरीची द्या, म्हणजे पुढचे काही तास बाळाकडे लक्ष ठेवता येतं. पुढचे दोन दिवस दोन बाटल्या, पाचव्या दिवशी तिन्ही.

दुसरी रीत एकाच बाटलीत जुनं-नवं मिसळायची. ती चव नाकारणाऱ्या बाळासाठी चांगली, पण इथेच माप चुकतं. समजा जुन्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक स्कूप लिहिलंय आणि नव्यावर ६० मिलीला एक. हाताला जुनी सवय असते, त्यामुळे १२० मिलीला दोनऐवजी चार स्कूप पडतात आणि दूध दुप्पट घट्ट होतं. बाळाला तहान लागते, शी खड्यासारखी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि घरात निष्कर्ष निघतो की नवीन ब्रँड वाईट. पातळ केलं तर भूक भागत नाही आणि रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. म्हणून नवा डबा उघडला की जुना स्कूप त्यात टाकायचा नाही. दोन्ही दुधं आपापल्या मापाने वेगवेगळी बनवा आणि मग मिसळा. अर्धा स्कूप अंदाजाने घेऊ नका. नवं दूध ३० मिलीच हवं असेल, तर पूर्ण स्कूपचं ६० मिली बनवून अर्धं घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. गाईच्या दुधाची ॲलर्जी ठरली असेल आणि डॉक्टरांनी खास फॉर्म्युला दिला असेल, तर जुनी पावडर चालू ठेवून हळूहळू बदलायचं स्वतः ठरवू नका. थोडं जुनं दूधही त्रास चालू ठेवतं.

अंगावरचं आणि डब्याचं: वेगळं की एकत्र?

वेगळं दिलेलं मला पटतं, आणि कारण सरळ आहे. काढलेलं ६० मिली आणि डब्याचं ६० मिली एकाच बाटलीत घातलं आणि बाळाने ४० मिली टाकून दिलं, तर त्यातलं २० मिली आईचं दूध वाया जातं. उष्टी बाटली बाळाने प्यायला सुरुवात केल्यापासून तासाभरात संपवावी लागते, नाहीतर ओतून द्यावी लागते. तेच आधी काढलेलं दूध आणि मग डब्याचं दिलं, तर उरतं ते डब्याचंच.

एकत्र देण्याचा फायदा चवीचा. डब्याचं दूध थुंकणारं बाळ तीन भाग आईच्या दुधात एक भाग मिसळलं की बहुतेकदा घेतं, मग प्रमाण दोन-तीन दिवसांनी वाढवता येतं. पण पावडर नेहमी पाण्यातच कालवायची, पाण्याऐवजी आईच्या दुधात कधीच नाही. डब्यावरचं माप पाण्यासाठी आहे, दुधात कालवल्यास मिश्रण फार घट्ट होतं. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी वापरायचं, कारण पावडर निर्जंतुक नसते. बाटली कोमट झाल्यावरच त्यात आईचं दूध ओता.

बाटल्या वाढवताना अंगावरची एक वेळ बंद केली, की चार-पाच दिवस थांबून दुसरी बंद करा. एकदम सोडल्यास छाती दगडासारखी होते, गाठी धरतात आणि पुढे पान्हा कमी होतो. जड वाटलं तर आराम पडेल इतपतच दूध काढा. रात्रीचं पाजणं शेवटपर्यंत ठेवा, दूध टिकायला त्याचा मोठा आधार असतो. निप्पल हळू वाहणारं घ्या आणि बाटली आडवी धरून मध्ये थांबत पाजा. बाटलीतून दूध फुकट वाहत आलं, तर बाळ अंगावर ओढायचा कंटाळा करतं.

काय चालेल, काय नाही

पिवळी मऊ शी पिवळसर-तपकिरी किंवा हिरवी होणं, थोडी घट्ट होणं, वास वाढणं, गॅस होणं हे आठवडाभर चालतं. दिवसातून सहापेक्षा कमी ओल्या लंगोट्या, शीत रक्त, वारंवार उलट्या किंवा हिरवी उलटी, अंगावर गांध्या असं काही दिसलं तर नवं दूध थांबवून डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. ओठ सुजले किंवा श्वासाला घरघर लागली, तर क्षणही न दवडता दवाखान्यात न्या, आणि जाताना नवा डबा व त्यातला स्कूप सोबत घ्या.